पोट साफ होत नाही? आधी गोळ्यांची पिशवी उघडा

घरातल्या वयस्कर माणसाने संडासची तक्रार सुरू केली की बहुतेक घरांत उपाय ठरलेले असतात. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, पपई, आणि तरीही नाही झालं तर कुठलंसं चूर्ण. हे उपाय करायला हरकत नाही, पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: गेल्या वर्षभरात यांची कोणती गोळी नवीन सुरू झाली, किंवा कोणत्या गोळीचा डोस वाढला? मी फार्मसिस्ट आहे, दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो. एकाच घरासाठी बद्धकोष्ठता करणारी गोळी आणि ती घालवणारी बाटली एकाच पिशवीत घालून देणं, हे आमच्याकडे रोजचं आहे. ही गाठ घरच्या घरी कशी शोधायची आणि डॉक्टरांकडे ती कशी मांडायची, ते इथे क्रमाने सांगतो. गोळी बंद करायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो नीट व्हावा यासाठी जी माहिती लागते, ती बहुतेक वेळा फक्त घरच्यांकडेच असते.

आधी हे तपासा

औषधांवर संशय घेण्यापूर्वी काही गोष्टी बाजूला काढायला हव्यात. शौचात रक्त, काळी डांबरासारखी शौच, कारण नसताना वजन घटणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, किंवा आयुष्यभराची सवय काही आठवड्यांत अचानक बदलणं, यांपैकी काही असेल तर गोळ्यांचा हिशोब नंतर, आधी डॉक्टर. (लोहाची गोळी चालू असेल तर शौच काळपट होते, तेही डॉक्टरांना सांगा.) पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, जुलाबाचं औषध द्यायचं नाही. लघवी अडली असेल तरीही तेच.

आणखी एक प्रकार घरच्यांना हमखास फसवतो. आठवडाभर नीट शौच नाही आणि मग अचानक पातळ पाण्यासारखं होऊ लागतं, कपड्यात थोडं थोडं गळतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, म्हणून ते जुलाब थांबवायची गोळी मागायला येतात. प्रत्यक्षात आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ वाट काढत असतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिली तर खडा आणखी पक्का होतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळेपणा वाढलेल्या माणसात हे जास्त दिसतं. डॉक्टरांनी बोटाने तपासलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

पहिली पायरी: एक आठवडा नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहा. शौच झाली की नाही, खडे होते की मऊ होती, आणि कुंथावं लागलं का. रोज झालीच पाहिजे असा नियम नाही. दिवसाआड होऊन मऊ आणि विनासायास होत असेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं, शेळीच्या लेंडीसारखे खडे पडणं, किंवा झाल्यावरही पोट भरलेलंच वाटणं, ही खरी तक्रार. हे लिहून ठेवायचं कारण असं की पुढे एखादी गोळी कमी केली तर फरक पडला की नाही हे या नोंदीवरूनच कळणार आहे. आठवणीवर भरवसा ठेवला तर "तसंच आहे" एवढंच उत्तर मिळतं.

दुसरी पायरी: सगळं टेबलावर

एक मोठी पिशवी घ्या आणि घरात त्या व्यक्तीच्या नावाने जे जे आहे ते सगळं तीत गोळा करा. देवघराच्या कपाटातली सर्दीची गोळी, उशाखालचं पोटदुखीचं पाकीट, फ्रीजवरचं चूर्ण, खोकल्याचं औषध, ॲसिडिटीचं पातळ औषध, सगळं. चिठ्ठीवर नसलेल्या वस्तूच इथे जास्त महत्त्वाच्या ठरतात, कारण डॉक्टरांना त्यांचा पत्ताच नसतो.

मग कागदावर प्रत्येक औषधापुढे पाच गोष्टी: आतल्या घटकाचं नाव, डोस, कशासाठी, कुणी दिलं, आणि केव्हापासून. घटकाचं नाव म्हणजे स्ट्रिपवरचं ठळक ब्रँडनाव नव्हे, त्याच्यासोबत छापलेलं असतं ते. बीपीच्या गोळ्यांत हे काम नेटाने करावं लागतं, कारण एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात. टेल्मिसार्टनच्या ब्रँडनावापुढे 'एएम' असेल तर आत बहुधा अमलोडिपिन आहे, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. लोक म्हणतात, "आईला बीपीची एकच गोळी आहे." ती एकच असते, पण तिच्यात तिघे बसलेले असतात.

तारखांसाठी जुन्या फाइली चाळत बसू नका. नेहमीच्या मेडिकलवाल्याला विचारा, बिलं संगणकावर असतात. कुठल्या महिन्यात कुठलं औषध पहिल्यांदा गेलं हे त्याला दिसतं. ही तारीख आणि तक्रार सुरू झाल्याची तारीख शेजारीशेजारी लिहा. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत शौच बिघडली असेल तर संशय बळावतो. दहा वर्षं चालू असलेल्या आणि डोस न बदललेल्या गोळीवर एकदम आळ घेऊ नये. पण तिच्या जोडीला दुसरी तशीच गोळी आली असेल, तर दोघींचा भार मिळून त्रास होऊ शकतो.

तिसरी पायरी: संशयितांवर खूण

आतड्यांचा स्नायू हलतो तो मज्जातंतूंकडून येणाऱ्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या निरोपावर. हा निरोप अडवणारी औषधं यादीत पहिली. जुन्या पिढीतलं नैराश्याचं औषध ॲमिट्रिप्टिलीन हे त्यातलं ठळक नाव. मजा अशी की आपल्याकडे ते नैराश्यापेक्षा झोप, डोकेदुखी आणि पायांच्या मुंग्या यांसाठीच जास्त दिलं जातं. त्यामुळे आजींना आपण नैराश्याची गोळी घेतो हे माहीतच नसतं. त्याचाच भाऊ नॉरट्रिप्टिलीन. तो प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिनबरोबर एकाच गोळीत येतो आणि मधुमेहाच्या पेशंटच्या पिशवीत सापडतो. नव्या औषधांपैकी पॅरोक्सेटीन पोट जास्त बांधतं. सर्ट्रालीनचा कल उलट, पातळ होण्याकडे.

लघवीची घाई थांबवणाऱ्या सोलिफेनासिन, टोल्टेरोडीन, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या, कंपवातातली ट्रायहेक्सिफेनिडिल, पोटात कळ आल्यावर घ्यायची डायसायक्लोमीन आणि सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन, ही सगळी याच रांगेतली. प्रत्येक गोळी आपापल्या जागी छोटी वाटते, पण त्यांचा भार एकमेकांवर चढतो. ओळखायची खूण सोपी आहे. तोंडाला कोरड पडते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, जवळचं अंधुक दिसतं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, संध्याकाळी बोलण्यात थोडा गोंधळ होतो. बद्धकोष्ठतेबरोबर यातल्या दोन-तीन गोष्टी असतील तर वयाला दोष देण्याआधी या रांगेकडे बघा.

बीपीच्या गोळ्यांचं काम वेगळ्या रस्त्याने चालतं. व्हेरापामिल, डिल्टियाझेम, अमलोडिपिन ही औषधं स्नायूच्या पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतात. त्यामुळे रक्तवाहिनी सैल पडते, म्हणून बीपी उतरतं. पण आतड्याच्या भिंतीतला स्नायूही त्याच जातीचा, तोही सैलावतो. यात व्हेरापामिल सर्वांत वाईट, अमलोडिपिन बरंच सौम्य. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ज्यांना पेशंट "पाण्याची गोळी" म्हणतात, त्या शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी करतात. पाणी कमी झालं की मळ सुकतो, पोटॅशियम उतरलं की आतडं मंदावतं. त्यातून वयस्कर माणसं लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून पाणी पिणंच कमी करतात, आणि मग दुहेरी नुकसान होतं. क्लोनिडिन हे बीपीचं औषधही पोट बांधतं.

बाकीची नावं पटकन सांगतो: लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, उलटी थांबवणारं ऑन्डॅन्सेट्रॉन. एक जोडी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लोरथॅलिडोनसारखी पाण्याची गोळी लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवते. तिच्यासोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचं पाकीट महिनोनमहिने चालू राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि वाढलेल्या कॅल्शियमची एक तक्रार म्हणजे बद्धकोष्ठताच.

चौथी पायरी: साखळीचं पहिलं टोक शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. नुसती खुणांची यादी घेऊन गेलात तर डॉक्टर म्हणतील, "सगळीच गरजेची आहेत." कोणती गोळी कोणत्या गोळीच्या मागून आली हे दाखवलं तर बोलणं पुढे सरकतं. एक उदाहरण तपशील थोडे बदलून सांगतो.

त्र्याहत्तर वर्षांच्या एक आजी. चार-चार दिवस शौच नाही, तोंड कोरडं, रात्रीची झोप मोडलेली. मुलीने पिशवी टेबलावर ओतली आणि आम्ही बिलांवरून तारखा लावल्या. मार्चमध्ये बीपी वाढलं म्हणून अमलोडिपिन ५ मिलिग्रॅमचं १० झालं. मे महिन्यात दोन्ही पायांना सूज आली, संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायची. त्यावर दुसऱ्या एका दवाखान्यातून टोरसेमाइड ही पाण्याची गोळी सुरू झाली. जुलैमध्ये रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम. शौचाची तक्रार ऑगस्टपासून. मधल्या काळात हाडांच्या डॉक्टरांनी पायांच्या मुंग्यांसाठी ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिलं होतं, ते नंतर २५ झालं. मग इसबगोल, मग चूर्ण.

आता साखळी उलटी वाचा. सोलिफेनासिन आलं रात्रीच्या लघवीमुळे, लघवी वाढली पाण्याच्या गोळीमुळे, पाण्याची गोळी आली सुजेमुळे, आणि सूज आली अमलोडिपिनच्या वाढलेल्या डोसमुळे. ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याने येत नाही. छोट्या रोहिण्या सैलावल्याने द्रव बाहेर झिरपतो, म्हणून पाण्याच्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. आजींच्या दोन नव्या गोळ्यांच्या मुळाशी ही एक डोसवाढ होती. अर्थात पायाची सूज हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारानेही येते, त्यामुळे डॉक्टरांनी ते आधी तपासलं. तिथे काही निघालं नाही.

मग त्यांनी अमलोडिपिन पुन्हा ५ वर आणलं आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिलं. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं, कारण टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं. सूज ओसरली तेव्हा पाण्याची गोळी बंद झाली. रात्रीचं उठणं एकदोनदावर आलं तेव्हा सोलिफेनासिन बंद झालं. सगळ्यात शेवटी ॲमिट्रिप्टिलीन २५ वरून १० वर आलं. ते पूर्ण बंद करून पाहिलं तर मुंग्यांनी आजींना झोपू दिलं नाही, म्हणून १० राहिलं. आता शौच बहुतेक दिवसाआड होते, आठवड्यातून एकदोनदा मऊ करणारं औषध लागतं.

पाचवी पायरी: डॉक्टरांपुढे काय बोलायचं

औषधं तीन ठिकाणची असतील तर एकच डॉक्टर निवडा, शक्यतो नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, आणि फक्त याच कामासाठी वेळ घ्या. सर्दीतापाच्या भेटीत शेवटच्या मिनिटाला हा विषय काढला तर जुलाबाची एक बाटली मिळते, बाकी काही होत नाही. यादी आणि कॅलेंडरचा फोटो पुढे ठेवा आणि सरळ विचारा: "डॉक्टर, हे औषध ज्यासाठी सुरू केलं तो त्रास अजून आहे का? ह्याचा डोस कमी होईल का? ह्याच्याऐवजी पोट न बांधणारं दुसरं काही आहे का?" हे तीन प्रश्न खूण केलेल्या प्रत्येक औषधाला लावायचे. सोबत थायरॉइड, कॅल्शियम, पोटॅशियम आणि साखर यांच्या तपासण्या अलीकडे झाल्यात का तेही विचारा. मंदावलेलं थायरॉइड अगदी असाच त्रास देतं.

ॲमिट्रिप्टिलीनसारखं औषध नैराश्यासाठी चालू असेल तर त्याऐवजी डॉक्टर सर्ट्रालीन किंवा एस्सिटॅलोप्राम देऊ शकतात. पण पाण्याची गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसात या औषधांनी सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सोडियम तपासायचं का, हेही विचारून घ्या.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

उत्साहाने तीन गोळ्या एकदम थांबवल्या तर दोन अडचणी येतात. फरक कशामुळे पडला ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कशामुळे तेही कळत नाही. एक बदल केल्यावर साधारण दोन आठवडे थांबा. अमलोडिपिन शरीरातून हळू जातं, वयस्कर माणसात आणखीच हळू. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फरक पडेल ही अपेक्षा धरू नका. या काळात बीपी घरी रोज एका ठरावीक वेळेला, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजून कॅलेंडरवरच लिहा.

काही गोळ्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं. क्लोनिडिन एकदम थांबवलं तर बीपी उसळी मारतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या अचानक सोडल्या तर छातीत दुखणं, धडधड होऊ शकते. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम कधी बीपीसाठी नसून हृदयाचे ठोके आवरण्यासाठी दिलेली असतात, आणि हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. बरेच महिने चालू असलेलं ॲमिट्रिप्टिलीन किंवा पॅरोक्सेटीन काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. झटक्यात सोडलं तर मळमळ, चक्कर, बेचैनी, झोप न लागणं सुरू होतं. मग घरचे म्हणतात, "बघा, गोळीशिवाय चालतच नाही." तो जुना आजार परत आलेला असतो असं नाही, बऱ्याचदा ते गोळी घाईने सोडल्याचं लक्षण असतं. ते दोन-चार दिवसांतच दिसतं, तर नैराश्य परतायला सहसा आठवडे लागतात. 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी डोस कमी करण्यासाठी न विचारता तोडू नका, कुटून तर मुळीच देऊ नका.

मधल्या काळात

गोळ्यांचा निकाल लागेपर्यंत पोट तुंबून ठेवायचं नाही. इसबगोल आपलं लाडकं, पण ते पाणी शोषून फुगतं. पेला भरून पाणी पीत नसलेल्या, औषधांनी आतडं मंदावलेल्या माणसाला ते दिलं तर आत लगदा साचतो. गिळायला त्रास होणाऱ्याला, म्हणजे कंपवात किंवा पक्षाघात झालेल्याला, ते घशात अडकू शकतं. घेणारच असाल तर पूर्ण पेलाभर पाण्यातून, बसून, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवून. औषधांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत मला पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज जास्त योग्य वाटतं. दोन्ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्ट्युलोजला दोन दिवस लागू शकतात, आणि सुरुवातीला पोटात गुडगुड होते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं, आणि मॅग्नेशियम असलेलं पांढरं पातळ औषध चालेल का, हे विचारल्याशिवाय ठरवू नका.

चूर्णाच्या डबीवर घटक वाचा. सोनामुखी बहुतेकांत असते, ती अधूनमधून चालते. पण अनेक चूर्णांत सैंधव किंवा काळं मीठ असतं, काहींत ज्येष्ठमध असतो. ज्येष्ठमध रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. म्हणजे बीपीच्या गोळीने झालेली बद्धकोष्ठता घालवायला घेतलेलं चूर्ण पुन्हा बीपीच वाढवू शकतं.

यादी जिवंत ठेवा

बदल झाल्यावर नवी यादी लिहा आणि जुन्या स्ट्रिपा घरातून काढून टाका. उरलेल्या गोळ्या डब्यात राहिल्या तर सवयीने परत घेतल्या जातात. बंद केलेली औषधंही यादीत खाली ठेवा, पुढे कारण लिहून: "सोलिफेनासिन, बंद, शौचाचा त्रास." आजी उद्या पडल्या, दवाखान्यात दाखल झाल्या, तर तिथले डॉक्टर जुनी फाइल बघून तीच गोळी पुन्हा सुरू करू शकतात. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ते नाव दिसलं, तर मेडिकलमध्ये जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा.